आशेला की आशाला?

आमचं अ‍ॅप शब्दकोड्यांचं आहे. विस्कटलेली अक्षरं द्यायची आणि खेळणाऱ्याने त्यांतून शब्द जुळवायचे. शब्द बरोबर की चूक हे प्रोग्राम एका यादीत बघून ठरवतो. ती कच्ची यादी बातम्या आणि लेखांतून उपसलेली, त्यामुळे नितीन, नाशिक, बीएससी, शिव्या, सगळा गाळ तिच्यात होता. "नको ते शब्द काढायचे, त्यात काय एवढं?" असं म्हणून मॅनेजरने ती माझ्याकडे दिली. भाषेचं काम म्हटलं की ते कुणालाही जमतं, असं आमच्या ऑफिसात सगळ्यांनाच वाटतं.

इंग्रजीत विशेषनाम कॅपिटल अक्षराने ओळखू येतं. देवनागरीत ती सोय नाही. आधी हे काम ज्याच्याकडे होतं त्याने मुलामुलींच्या नावांची एक यादी घेतली आणि त्यातलं जे जे सापडलं ते उडवून दिलं. टेस्टिंगला बसलेली मुलगी मला म्हणाली, "अगं, 'आशा' चुकीचा शब्द आहे का? 'सागर'पण घेत नाहीये." प्रकाश, किरण, संध्या, विकास हे सगळे त्याच झाडूने गेले होते. तालुक्यांच्या नावांचंही तेच. पुण्याजवळचा 'हवेली' आणि नाशिककडचा 'पेठ' तालुका काढताना राहायची हवेली आणि भाजीची पेठही गेली.

मग लक्षात आलं की आपण बोलताना नाव आणि शब्द वेगळे ठेवतोच. "शहराच्या विकासाला खीळ बसली" म्हणतो, पण "विकासला फोन कर". सामान्यनामाचं सामान्यरूप होतं, आजच्या माणसाच्या नावाचं बहुधा होत नाही. तसंच आशेला आणि आशाला, संध्येला आणि संध्याला. म्हणजे मूळ मजकुरात दोन्ही रूपं मोजायची. नितीनला भरपूर सापडतं, 'नितीनाला' नाहीच, तर नितीन बाहेर. 'विकासाला' भरपूर आहे, तर 'विकासला' कितीही असो, विकास राहतो.

मोजणी पहिल्या झटक्यात फसली. पायथनचा `re` मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही:

```python
re.findall(r"\w+", "विकासाला")
# ['व', 'क', 'स', 'ल']
```

अक्षरांबरोबर मात्राही पॅटर्नमध्ये स्पष्ट लिहिल्यावर शब्द अखंड मिळाले आणि आकडे पटण्यासारखे आले.

ही चाळणी कुठे गळते तेही सांगते. इंग्रजीतून आलेले शब्द नावांसारखे वागतात. ट्रकला, फोनला म्हणतो, त्यामुळे फोन विशेषनाम ठरतो. 'बसला' हे बस गाडीचं रूप की बसण्याचं क्रियापद, हे मोजणीला कळत नाही. ज्योतीसारख्या ईकारान्त शब्दाचं रूप दोन्हीकडे सारखंच. जुन्या मजकुरात 'गोविंदाला' सर्रास दिसतं आणि साताऱ्याला तर आपण आजही म्हणतो. म्हणून चाळणीने बाहेर काढलेलं काहीही मी परस्पर पुसलं नाही. संशयितांची वेगळी फाइल केली आणि ती डोळ्यांखालून घातली. नावांची जुनी यादी आता फक्त संशय घ्यायला वापरते, निकाल द्यायला नाही.

संक्षेप त्या मानाने सोपे गेले. पूर्ण शब्द जर ए, बी, सी, एम, एस, टी अशा अक्षरनावांचाच बनलेला असेल तर तो वेगळा काढायचा. पीएमपी, बीएससी, एमए लगेच सापडले. त्यांच्याबरोबर 'ओटी'ही आली. हॉस्पिटलमधली ओटी संक्षेप आहे, पण खणानारळाने भरतात ती ओटी नाही. ती मी हाताने परत घातली. एसटीसाठी भांडले आणि तीही ठेवली. गावाकडे जाणाऱ्या कुठल्या माणसाला एसटी हा शब्द वाटत नाही?

शिव्या मात्र पुसून चालत नाही. अक्षरांच्या चौकटीत रिकाम्या जागा प्रोग्राम वाटेल त्या अक्षरांनी भरतो आणि त्यात एखादी शिवी आपोआप जुळू शकते. ते अडवायला प्रोग्रामला शिव्या ठाऊक असाव्या लागतात. म्हणून तीन फाइली केल्या. एकीत उत्तर म्हणून द्यायचे शब्द, दुसरीत खेळणाऱ्याने जुळवले तर मान्य करायचे शब्द आणि तिसरीत पडद्यावर कधीच येऊ द्यायचे नाहीत ते.

अडले ते कुंभार, सुतार, चांभार इथे. हे व्यवसाय आहेत, जाती आहेत, यांतली काही आडनावंही आहेत. कुंभार आणि सुतार मी पहिल्या फाइलीत ठेवले. 'चांभार' हा शब्द लोक हिणवायला वापरतात, म्हणून टेस्टर त्याला तिसरीत घाल म्हणाली. पण ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या चामड्याचं काम झालंय त्याने तो जुळवला आणि पडद्यावर "असा शब्द नाही" आलं, तर तो काय समजेल? सध्या तो दुसऱ्या फाइलीत आहे. टेस्टरला ते अजून पटलेलं नाही आणि तिचं म्हणणं मला पूर्ण खोडताही आलेलं नाही.