आलेखावर चौरस, सुईवर चपटं

क्रोशाच्या आलेखावरचं प्रत्येक घर चौरस छापलेलं असतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो. माझा सगळा राग त्या छापलेल्या चौकोनावर आहे.

गेल्या वर्षी चवथीच्या दीड महिना आधी मी ठरवलं की गणपतीच्या चौरंगाला पुढून लावायची पट्टी यंदा घरीच विणायची. मधोमध ‘श्री’, दोन्ही बाजूंना एकेक कमळ, आणि सगळं फिले क्रोशेचं, म्हणजे मोकळ्या जाळीत भरलेल्या घरांनी उठवलेलं. कमळ एका जुन्या झेरॉक्सवरून घेतलं, ‘श्री’ मी स्वतः चौकटीच्या वहीत काढला. ६० घरं रुंद, ३० ओळी उंच. २० नंबरचा पांढरा सुती दोरा आणि १.२५ मिलिमीटरची स्टीलची सुई. फोंड्याच्या बाजारात दोरा मिळाला, सुई घरात आईची होती. इथवर काहीच अडलं नाही.

ज्यांनी हे विणकाम केलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. साखळी म्हणजे फासातून फास ओढत केलेला साधा टाका, खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन विणलेला उभा टाका. मोकळं घर म्हणजे एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुन्हा एक खांब. भरलेलं घर म्हणजे त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब. शेजारच्या घरांचा मधला खांब सामायिक असतो, म्हणून एका घराला तीन टाके आणि ओळीच्या टोकाला एक जास्तीचा. माझ्या पट्टीला चारी बाजूंनी भरलेल्या घरांची किनार होती. तेव्हा ६० गुणिले ३ म्हणजे १८०, आणि वर ३, अशा १८३ साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत खांब विणायचा. सोडलेल्या तीन साखळ्या हाच ओळीतला पहिला खांब धरायचा. पहिलं घर मोकळं असतं तर १८५ साखळ्या आणि आठव्या साखळीत खांब.

साखळ्या मोजताना घरात कुणी ना कुणी हाक मारतंच. म्हणून पाच-दहा जास्तच घाला. पहिली ओळ झाली की उरलेल्या साखळ्या सुरुवातीच्या गाठीच्या बाजूने उसवून काढता येतात. हे मला तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर कळलं.

बारा ओळी झाल्या तेव्हा ‘श्री’चा खालचा भाग दिसायला लागला, आणि काहीतरी बसकं वाटत होतं. कमळाच्या पाकळ्या कुणीतरी वरून दाबल्यासारख्या. आधी वाटलं आलेखच चुकला. पुन्हा घरं मोजली, बरोबर होती. मग फूटपट्टी लावून मोजलं. आडवी २० घरं बरोबर १० सेंटीमीटर होती. उभ्या १२ ओळी ५ सेंटीमीटरच्या थोड्याशाच वर, म्हणजे २० ओळींना साधारण ८.४. घर ५ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम ४.२ उंच. तीस ओळींनंतर पट्टी १५ सेंटीमीटर उंच होण्याऐवजी साडेबारावर थांबणार होती, आणि तिच्यात बसलेला ‘श्री’ तितकाच चपटा.

इथे मी जवळजवळ तीन आठवडे अडकले. नमुना विणायला हवा होता हे मला माहीत होतं, पण चौकटीच्या वहीवर डोळे ठेवून विणायचं तर नमुना कशाला, असं वाटलं होतं. २० घरं आणि २० ओळींचा नमुना विणून दोन्ही बाजू मोजल्या असत्या तर हे एका दुपारीच कळलं असतं. तो नमुना निम्मा भरलेला आणि निम्मा मोकळा विणा, कारण भरलेला भाग आणि जाळी सारख्या पसरत नाहीत.

पहिला उपाय मी केला तो सगळे करतात तोच. ओलं करून ताणून टाचण्या लावल्या. उंची वाढली, पण मोकळ्या घरांच्या बाजू आत ओढल्या जाऊन कमरेत बारीक झाल्या, आणि भरलेली घरं होती तशीच राहिली. टाचण्या काढल्यावर अर्धी उंची परत गेली. जी उंची टाक्यात नाही ती टाचणी कुठून आणणार?

दुसरा उपाय म्हणून एका साखळीची जाळी करून पाहिली, म्हणजे घराला तीनऐवजी दोन टाके. रुंदी ३.३ वर आली आणि उंची तीच ४.२. आता कमळ उभट, काकडीसारखं. मग दोन वेढ्यांचा खांब घेतला. तो उंच होतोच, माझ्या हाताला घर साडेपाचच्या पुढे गेलं, आणि जाळी इतकी सैल दिसायला लागली की चित्र विरघळल्यासारखं झालं. ज्यांचा हात फार घट्ट आहे त्यांना हा उपाय लागू पडेल. मला नाही पडला.

शेवटी पट्टी घेऊन शेजारच्या आंटीकडे गेले. चर्चच्या वेदीवरच्या कापडांना क्रोशाच्या किनारी विणण्यात त्यांचा हात बसलेला. त्यांनी पट्टी बघितलीच नाही. ‘विणून दाखव’ म्हणाल्या. दोन खांब झाल्यावर हसल्या.

‘अगो, सूत इतलें घट्ट कित्याक धरता?’

मला वाटलं दोरा सैल सोडायला सांगताहेत. तसं नव्हतं. साखळ्या त्यांना घट्टच हव्या होत्या. खांबात वेढा घेऊन सुई घालतो आणि पहिला दोरा ओढून वर काढतो, तो जो पहिला फास, त्याच्याबद्दल त्या बोलत होत्या. मी तो काढल्या काढल्या खाली दाबत होते, सुई जवळजवळ कापडाला टेकवून. खांबाची उंची तिथेच ठरते. नंतरचे दोन दोरे काढताना ती फारशी वाढत नाही. आंटी तो फास सरळ वर उचलतात, आधीच्या ओळीच्या घराइतका, आणि मग पुढचे दोरे नेहमीसारखे काढतात. मागे किंवा बाजूला नाही, सरळ वर. बाजूला ओढला तर खांब कलतो आणि घर तिरकं होतं.

घरी येऊन नमुना विणला. पहिल्या दहा ओळी हात विसरत होता, मधूनच चपट्या. नंतर बसला. आडवी २० घरं ९.९, उभ्या २० ओळी ९.८. मी तो नमुना अजून शिवणाच्या डब्यात ठेवलाय.

मग पट्टी पूर्ण उसवली. दोरा उसवलेलाच वापरणार असाल तर ओला करून वाळवून घ्या. नाहीतर त्याच्या वळ्या नव्या टाक्यांत उतरतात आणि खांब नागमोडी दिसतात.

उंची सुटली तरी भरलेल्या घरांच्या कडा धूसरच होत्या. त्याचं कारण वेगळं. मोकळ्या घरावर भरलेलं घर आलं की दोन खांब खालच्या दोन साखळ्यांवर बसतात. ते साखळीच्या खालून, मोकळ्या जागेत सुई घालून विणणं सोपं आणि पटकन होतं, पण असे खांब साखळीवर सरकतात. एका बाजूला गर्दी, दुसऱ्या बाजूला फट, आणि ‘श्री’ची तिरपी रेघ कुरतडल्यासारखी. प्रत्येक साखळीच्या टाक्यात सुई घालून विणलं की खांब जागचा हलत नाही. वेळ जवळपास दुप्पट लागतो आणि पावसाळ्यातल्या संध्याकाळच्या उजेडात साखळीचा टाका दिसतही नाही, म्हणून मी ते दुपारीच करायचे. एका पट्टीत दोन्ही पद्धती मिसळू नका, तो फरक लांबूनही दिसतो.

आलेख काढतानाच एक चूक केली होती. ‘श्री’ची तिरपी रेघ मी एका घराच्या जाडीची ठेवली होती आणि घरं फक्त कोपऱ्यात टेकत होती. कागदावर छान दिसतं, जाळीत मात्र रेघ तुटते. दोन घरांची जाडी ठेवली आणि वरच्या पायरीचं एक घर खालच्या पायरीवर चढवलं, तेव्हा ती एकसंध दिसली.

ओळीचा शेवट सांगायचा राहिला. शेवटचा खांब आधीच्या ओळीच्या सुरुवातीला घातलेल्या तीन साखळ्यांच्या वरच्या टाक्यात जातो. तो टाका दिसत नाही, म्हणून सुटतो, आणि कडा आत सरकायला लागते. उसवण्याआधी माझं हे दोनदा झालं होतं. तेव्हापासून प्रत्येक ओळीच्या शेवटी घरं मोजते, साठ आली तरच वळते.

आलेख खालून वर वाचायचा. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे. कमळ दोन्ही बाजूंनी सारखं असल्यामुळे चूक लपते, ‘श्री’मध्ये लपत नाही. सगळाच उलटा आला तर घाबरू नका. हे विणकाम दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखंच दिसतं, कापड पालथं केलं की सुलटा होतो. डावखुऱ्या मंडळींचं असंच होतं. पण काही ओळी सुलट आणि काही उलट वाचल्या असतील तर उसवण्याला पर्याय नाही. आलेखावर फूटपट्टी चालू ओळीच्या वर ठेवा, खाली नको. म्हणजे विणून झालेल्या ओळी दिसत राहतात आणि खालच्या चित्राशी ताळा जमतो.

शेवटचं काम टाचण्यांचं. थर्माकोलवर पाच मिलिमीटरच्या चौकटींचा कागद प्लास्टिकखाली ठेवला आणि ओली पट्टी त्यावर घरागणिक जुळवली. आधी चार बाजूंचे मध्यबिंदू, मग तिथून कोपऱ्यांकडे. टाचण्या गंज न लागणाऱ्याच घ्या. आमच्याकडे ऑगस्टमध्ये साधी टाचणी रात्रीत तांबूस डाग सोडते आणि पांढऱ्या दोऱ्यावरून तो जात नाही.

खळीसाठी सासूबाई पेजेची निवळ घेऊन आल्या. पण आमची पेज उकड्या तांदळाची, लालसर, त्यातून मीठ घातलेलं. मी पांढऱ्या तांदळाची बिनमिठाची पातळ निवळ काढली, गाळली आणि ब्रशने फक्त भरलेल्या घरांवर लावली. मोकळ्या घरांत साचली तर वाळल्यावर पापुद्रा धरते. पंख्याखाली वाळायला दोन दिवस गेले. चवथ झाल्यावर पट्टी धुऊन खळ काढूनच ठेवली, कारण खळीच्या कपड्याला आमच्या कपाटात कसर लागायला वेळ लागत नाही.

उंची भरली १४.७.