विद्यार्थ्यांच्या सॅम्पलवरून शहराबद्दल बोलता येतं का? माझा अनुभव

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी घेतलेला विषय होता, म्हाताऱ्या आईवडिलांना कोणी सांभाळायचं याबद्दल सांगली शहरातल्या लोकांना काय वाटतं. माहिती गोळा करायला फिरायची गरज नव्हती, कारण आधीच्या बॅचने गुगल फॉर्मवर जवळपास चारशे विद्यार्थ्यांची उत्तरं जमवून ठेवली होती. फॉर्मची लिंक वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली होती आणि ज्यांना वेळ होता त्यांनी तो भरला होता. यालाच सोयीचं सॅम्पल म्हणतात. गाईड मॅडमनी फाइल देतानाच विचारलं, "यावर काम केलंस तर शीर्षकात 'सांगली शहर' ठेवता येईल का, एवढं आधी बघून सांग."

मी सगळ्यात आधी मुख्य विधानाची उत्तरं काढली. विधान होतं, 'आईवडिलांची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखीच असते.' बहुतेक सगळ्यांनी 'पूर्ण सहमत' निवडलं होतं. मला पाहायचं होतं ते आईचं शिक्षण किंवा घरचं उत्पन्न बदललं की मत बदलतं का. तक्त्यात तसा काहीच संबंध दिसेना. पण सगळ्यांचं उत्तर एकच असेल तर संबंध दिसणार कशात? दुसऱ्या बाजूलाही तीच अडचण होती. फॉर्म भरणारे सगळे बारावी पास, अविवाहित, विशीच्या आसपासचे. या विषयात माणसाचं मत ज्या गोष्टींनी घडतं, म्हणजे लग्न, सासर, अंथरुणाला खिळलेले वडील, भावांमधली वाटणी, त्यातलं या मुलांच्या वाट्याला अजून फारसं आलेलंच नव्हतं. त्यामुळे 'संबंध नाही' हा निष्कर्ष शहराबद्दल तर सोडाच, त्या मुलांच्या पुढच्या दहा वर्षांबद्दलही धरता येत नव्हता.

शिवाय कॉलेजात पोचणं हीच एक गाळणी आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात उच्च शिक्षणातली नोंदणी १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येच्या २८.४ टक्के होती. म्हणजे त्याच वयाची बहुतेक मुलंमुली आमच्या फॉर्मपर्यंत येणारच नव्हती.

वर्गातल्या काहींनी सुचवलं की अजून फॉर्म भरून घे, चार हजार कर. चारशे जणांच्या सॅम्पलमध्ये टक्केवारीची चूक साधारण पाच टक्के इकडेतिकडे धरतात, चार हजारांत ती दीडवर येते, हे खरंच आहे. पण तो हिशोब माणसं चिठ्ठी टाकून निवडली असतील तरच लागू होतो. त्याच कॉलेजातले चार हजार घेतले असते तर कॉलेजाचंच मत जास्त अचूक कळलं असतं. दुसरा सल्ला वेटिंगचा होता, म्हणजे जो गट कमी आला त्याच्या उत्तरांना जास्त वजन द्यायचं. पंचेचाळीस वर्षांची माणसं कमी आली असती तर ते करता आलं असतं. आमच्याकडे तसं एकही माणूस नव्हतं.

विद्यार्थ्यांची माहिती बाजूला ठेवून शहराचं वेगळं सॅम्पल काढायचं ठरलं. त्यासाठी आधी शहरातल्या प्रौढांची यादी हवी, आणि हाताशी येण्यासारखी यादी म्हणजे मतदारयादी. ती मतदान केंद्रांप्रमाणे भागांत विभागलेली असते. एवढ्या सगळ्या भागांत फिरणं शक्य नव्हतं, म्हणून आधी काही भाग निवडले. ज्या भागात मतदार जास्त, त्याला निवडून येण्याची संधीही त्याच प्रमाणात जास्त ठेवली, आणि निवडलेल्या प्रत्येक भागातून २० नावं घेतली. मोठा भाग निवडला जाण्याची शक्यता जास्त, पण त्यातल्या एका माणसाची पाळी येण्याची शक्यता तितकीच कमी. दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडून काढतात आणि शेवटी यादीतल्या प्रत्येकाला सारखी संधी मिळते.

भागातून नावं काढायची रीत सोपी आहे. समजा यादीत १,२०० नावं आहेत आणि २० हवीत, तर अंतर ६० चं. पहिला क्रमांक एक्सेलकडून घ्यायचा:

```
=RANDBETWEEN(1,60)
```

३७ आला, की ३७, ९७, १५७ असं शेवटपर्यंत जायचं. आलेला क्रमांक लगेच वहीत लिहून ठेवायचा, कारण शीटमध्ये काहीही बदललं की हे सूत्र नवा आकडा देतं.

खरी परीक्षा दारात होती. यादीतला माणूस घरी नाही आणि शेजारच्या काकू "मला विचारा की" म्हणत उभ्या आहेत, असं सारखं व्हायचं. त्यांना विचारलं असतं तर कामाचा दिवस लवकर संपला असता. पण सकाळी अकराला घरी कोण असतं? गृहिणी, निवृत्त माणसं, सुट्टीवर असलेले. बदली माणूस घेत गेले असते तर मागच्या दाराने पुन्हा सोयीचंच सॅम्पल तयार झालं असतं, फक्त विद्यार्थ्यांऐवजी दुपारी घरी असणाऱ्यांचं. म्हणून मॅडमनी एकच नियम घालून दिला होता, नाव बदलायचं नाही. संध्याकाळी परत जायचं, रविवारी परत जायचं, आणि तरीही भेट झाली नाही तर तसं नोंदवायचं. प्रत्येक नावापुढे एकच शेरा असे: भेट झाली, नकार, घर बंद, स्थलांतरित किंवा मयत. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं माहेरच्या यादीत तशीच राहिलेली खूप सापडली, तीही 'स्थलांतरित'मध्ये गेली. भेट न झालेल्यांची वयं आणि लिंग यादीतच असतं, त्यामुळे आपल्या हातून नेमकं कोण निसटतंय हे ताडून पाहता येतं. आमच्या हातून तरुण पुरुष निसटत होते.

एका घरी चाळिशीतल्या एक ताई भेटल्या. विधान वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "सारखी म्हणायला काय जातंय? लिहा सहमत. पण माझी आई हितं ऱ्हायला आली तर सासूबाई काय म्हणतील, ते इचारा की." त्यांच्या आणि कॉलेजात फॉर्म भरणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या उत्तरापुढे खूण एकाच चौकटीत पडली. मुलगी तत्त्व सांगत होती आणि ताई रोजच्या जगण्यातली अडचण. तोवर काही भागांचं काम व्हायचं होतं, तरी मी प्रश्नावली बदलली नाही, कारण मग आधीची आणि नंतरची उत्तरं जोडता आली नसती. ताईंसारखी बोलणी मात्र शब्दशः टिपून ठेवली आणि त्यांचं वेगळं प्रकरण केलं.

शहराच्या सॅम्पलमध्ये उत्तरं पसरली. असहमत म्हणणारे भेटले, 'मुलगा नसेल तरच मुलगी' म्हणणारेही भेटले, आणि शिक्षणाशी असलेला संबंध पहिल्यांदाच तक्त्यात दिसला.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी आक्षेप घेतला की मतं बदलतील, पण मनाच्या मूळ गोष्टींसाठी विद्यार्थी का चालू नयेत? मी म्युलर-लायर भ्रमाचं उदाहरण दिलं. बाणांची टोकं आत किंवा बाहेर वळवली की सारख्याच लांबीच्या दोन रेघा लहानमोठ्या दिसतात, तो भ्रम. सेगल, कॅम्पबेल आणि हर्सकोविट्स यांनी १९६६ मध्ये अनेक समाजांतली तुलना प्रसिद्ध केली. त्यात अमेरिकेतल्या एव्हन्स्टनचे विद्यार्थी सर्वाधिक फसणाऱ्यांत होते आणि कालाहारीतल्या सान लोकांवर भ्रमाचा परिणाम जवळपास नव्हता. फक्त विद्यार्थी तपासले असते तर एका टोकालाच मानवी नजरेचा नियम मानलं गेलं असतं. प्रयोगात विद्यार्थ्यांचे चिठ्ठीने दोन गट पाडले तर त्यांच्यापुरता कार्यकारणभाव कळतो, हे सरांचं म्हणणं मला मान्यच आहे. तो परिणाम इतरांवर तेवढाच होईल का, हे मात्र त्या चिठ्ठीतून कळत नाही.

विद्यार्थ्यांची माहिती मी टाकून दिली नाही. कुठलं विधान समजायला जड जातं, हे तिच्यावरूनच आधी कळलं होतं. प्रबंधात ती 'एका महाविद्यालयातील, स्वेच्छेने फॉर्म भरलेले विद्यार्थी' या नावाने वेगळ्या तक्त्यात आहे आणि शहराच्या आकड्यांत कुठेही मिसळलेली नाही. शीर्षकात 'सांगली शहर' राहिलं, पण त्याखाली 'मतदारयादीत नाव असलेले प्रौढ' ही ओळ आली. बाहेरगावाहून येऊन भाड्याने राहणाऱ्या पुष्कळांचं नाव इथल्या यादीत नसतं, आणि आईवडील गावाकडे असलेली माणसं बहुधा त्यांच्यातच जास्त असतील. त्यांच्याबद्दल माझा प्रबंध काहीही सांगत नाही, हे मर्यादांच्या प्रकरणातलं पहिलंच वाक्य आहे.