एकाच मशीनच्या तेवीस तक्रारी: वॉरंटी क्लेमच्या शीटने घातलेला गोंधळ

वॉशिंग मशीन आणि फ्रिजच्या सर्व्हिस सेंटरचं ऑफिसचं काम मी बघते. जॉबकार्ड, पार्टची ऑर्डर, कंपनीकडे जाणारे क्लेम, सगळं. दर महिन्याला एरिया मॅनेजर विचारायचे, कुठलं मॉडेल परत परत येतंय? आणि मी चार वह्या उलटत बसायची. शेवटी एक्सेलमध्ये एक शीट केली. एका ओळीत एक जॉब: सिरियल नंबर, तक्रारीची तारीख, मॉडेल, बदललेला पार्ट, पार्ट मागवल्याची तारीख, आल्याची तारीख, जॉब बंद केल्याची तारीख.

दिवस मोजणं सोपं होतं, बंद तारखेतून तक्रारीची तारीख वजा. पार्टच्या वाटेत गेलेले दिवस मात्र वेगळ्या रकान्यात काढा. नाहीतर कंपनीकडे अडकलेल्या पीसीबीचे, म्हणजे मशीनच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचे, नऊ दिवस तुमच्या टेक्निशियनच्या माथी बसतात.

घोडं अडलं ते रिपीटवर. त्याच मशीनची 90 दिवसांच्या आत परत तक्रार आली, की रिपीट. मशीन ओळखायचं सिरियल नंबरवरून, कारण गिऱ्हाईक एकदा स्वतःच्या फोनवरून तक्रार देतं, एकदा मुलाच्या. आमच्या कंपनीचा सिरियल 18 आकडी, एकही अक्षर नाही. पहिल्याच दिवशी रकान्यात 4.10225E+17 असलं काहीतरी उमटलं. सेल उघडून बघितला तर शेवटचे तीन आकडे शून्य! एक्सेल आकड्याचे पहिले 15 अंकच धरून ठेवतं, पुढचे गेले ते गेले. नंतर फॉरमॅट बदलून ते परत येत नाहीत. रकाना Text करून दोनशेच्या वर जॉबकार्डं पुन्हा भरली. डोळे गेले, पण वाटलं, सुटले.

कसली सुटतेय. रिपीटसाठी हे सूत्र लावलं:

```
=COUNTIFS(B$2:B$900,B2,C$2:C$900,"<"&C2,C$2:C$900,">="&C2-90)
```

एका टॉप लोड मॉडेलपुढे 23 रिपीट आले. मी खूश! तो आकडा घेऊन थेट एरिया मॅनेजरना फोन केला, तुमचं हे मॉडेलच खराब आहे म्हणून. ते म्हणाले, "मॅडम, सिरियल पाठवा." पाठवायला म्हणून फिल्टर लावला, तर पहिल्याच दोन ओळींत एक मशीन गावातलं आणि एक तालुक्याच्या पलीकडचं. एकाचे शेवटचे आकडे 214, दुसऱ्याचे 371. मशीनं दोन, आणि शीट म्हणतेय एकच.

दोन दिवस मी स्पेस शोधत होते, आकडे पुन्हा टाइप करत होते. जुना टेक्निशियन म्हणाला, "वहीच बरी होती." त्या वेळी त्याच्याशी बोलणं बंद केलं होतं मी.

कारण असं निघालं. रकाना Text असला तरी COUNTIF आणि COUNTIFS जुळवणी करताना मजकुरातल्या आकड्यांना पुन्हा आकडाच समजतात, म्हणजे पुन्हा पहिले 15 अंक. आणि आमच्या सिरियलचे पहिले 15 अंक म्हणजे मॉडेल, कारखाना, वर्ष, महिना आणि क्रमांकाची सुरुवात. एका लॉटमधली मशीनं तिथपर्यंत सारखीच असणार. त्यामुळे जे मॉडेल जास्त खपलं, तेच शीटमध्ये जास्त खराब दिसत होतं. साध्या = ची तुलना मात्र मजकूर पूर्ण बघते:

```
=SUMPRODUCT(--(B$2:B$900=B2),--(C$2:C$900<C2),--(C$2:C$900>=C2-90))
```

23 चे 4 झाले. मॅनेजरना पुन्हा फोन करणं जिवावर आलं होतं, पण केला.

सिरियलमध्ये अक्षर असेल तर हा घोळ सहसा होत नाही, म्हणूनच दुसऱ्या कंपनीचं काम करणाऱ्या ओळखीच्या सेंटरला तो कधी दिसलाच नाही. तुमचा नुसता आकडी असेल तर शेवटचा एक अंक वेगळा ठेवून दोन खोट्या ओळी भरा आणि सूत्र काय म्हणतं ते आधी बघा. मी हे फोन करायच्या आधी करायला हवं होतं. आणि हो, मॉडेलचं नाव हाताने टाइप करू देऊ नका, यादीतून निवडायला लावा. आमच्याकडे एकाच मॉडेलची पाच नावं झाली होती.

उरलेल्या चारपैकी तिघांच्या पार्टच्या रकान्यात पीसीबी, पुन्हा पीसीबी आणि मग ड्रेन पंप असा क्रम होता. टेक्निशियनने बघताच सांगितलं: पंपाची कॉइल शॉर्ट झाली, की बोर्डावरचा पंप चालवणारा ट्रायॅक जळतो. नुसता बोर्ड बदलला तर पंप नवा बोर्डही खातो. आता पीसीबीची ऑर्डर घेताना मी आधी विचारते, पंपाची कॉइल मीटरवर तपासली का? ओहमचा आकडा जॉबकार्डावर लिहिलेला नसेल तर ऑर्डर टाकत नाही. परवा तोच टेक्निशियन कार्ड ठेवताना म्हणाला, "लिहिलाय हो, बघा." बघितलं, लिहिला होता.