‘इफ आय वेअर यू’मधलं ‘वेअर’

“टीचर, ‘आय’ला ‘वॉज’ लागतं, ‘वी’ला ‘वेअर’ लागतं, हे तुम्हीच शिकवलंत की. मग ‘इफ आय वेअर यू’मध्ये ‘वेअर’ कसं आलं? ‘आय’ काय अनेकवचनी झाला?”

नाही झाला. हे ‘वेअर’ अनेकवचनाचं नव्हेच. दिसायला आणि ऐकायला ते अगदी ‘वी वेअर’मधल्यासारखं आहे, पण त्याचं काम वेगळं. मराठी व्याकरणात आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. त्यातला चौथा इथे आला आहे. अमुक असतं तर तमुक झालं असतं, पण तसं नाही, हे सांगण्यासाठी क्रियापद आपलं रूप बदलतं, तो संकेतार्थ. इंग्रजीत या कामासाठी राखून ठेवलेलं आज एकच रूप उरलं आहे, ते हे ‘वेअर’.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमाची मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा पाठोपाठ एक तक्रारही असते: आपल्या मराठीत असं काही नाही, इंग्रजांनीच कशाला केलं? मराठीत ते आहे, आणि मुलं ते रोज बोलतात. “दादा पुण्यात असतो” हे वाक्य घ्या. तो खरोखरच पुण्यात राहतो. आता “दादा बेळगावात असता तर” म्हणा. ‘असतो’चं ‘असता’ झालं. “ताई घरी असते”, पण “ताई घरी असती तर”. “तू वेळेवर येतोस”, पण “तू वेळेवर येतास तर”. “ते मदत करतात”, पण “ते मदत करते तर”. एका स्वरात सगळा फरक आहे. इतका लहानसा बदल ऐकूनच आपल्याला कळतं, की दादा बेळगावात नाही आणि ताई घरी नाही. कुणी हे शिकवलेलं नसतं, तरी चार वर्षांचं पोरही “दादा असतो तर मला नेलं असतं” असं म्हणत नाही.

मग मुलांना हे दिसत का नाही? कारण पुस्तकात पहिलं उदाहरण नेमकं ‘मी’चं असतं. “इफ आय वेअर यू” म्हणजे “मी तुझ्या जागी असते तर”. आणि प्रथमपुरुषी एकवचनात मराठीचं रूप बदलत नाही. “मी रोज घरी असते” आणि “मी घरी असते तर”, दोन्हीकडे ‘असते’च. मुलगा म्हणेल, “मी असतो”, “मी असतो तर”. इंग्रजीत जिथे बदल ठळक दिसतो, नेमकं तिथेच मराठीत तो लपलेला असतो. म्हणून मी ‘आय’चं उदाहरण आधी घेतच नाही. आधी ‘ही’चं घेते: “इफ ही वेअर हिअर”, तो इथे असता तर. ‘वॉज’च्या जागी ‘वेअर’ आणि ‘असतो’च्या जागी ‘असता’ फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की पुढचं बरंच समजावणं वाचतं. (आमच्या सीमाभागात तर 1956 पासून घरोघरी ‘असतं तर’ चालू आहे. संकेतार्थाचा सराव आम्हाला कमी नाही.)

आता हे ‘वेअर’ आलं कुठून ते बघू. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘मी होतो’ला ‘इच वॅस’ म्हणत आणि ‘आम्ही होतो’ला ‘वे वॅरॉन’. याशिवाय तिसरं एक रूप होतं, ‘वॅरे’. ते एकवचनीच होतं आणि ‘असतो तर’, ‘असता तर’ अशा ठिकाणी वापरत. म्हणजे त्या काळच्या माणसाला ‘वॅरॉन’ आणि ‘वॅरे’ ही दोन वेगळी रूपं स्पष्ट ऐकू येत, आणि तुमचा प्रश्न त्याला पडलाच नसता. पुढे 1100 ते 1500 या काळात इंग्रजीतले शब्दांच्या शेवटचे स्वर आणि प्रत्यय आधी पुसट झाले, मग बरेचसे गळून पडले. ‘वॅरॉन’चा शेवट गेला, ‘वॅरे’चाही गेला, आणि दोन्हींचं ‘वेअर’ झालं. अनेकवचनाशी त्याचं साम्य आलं ते या झिजेतून.

याच झिजेमुळे बाकीच्या क्रियापदांत हा भेद उरला नाही. गाणे या क्रियापदाचं ‘मी गायलो’ हे तेव्हा ‘इच सांग’ होतं, पण ‘मी गायलो तर’ अशा जागी ‘सुंगे’ येई. आज दोन्हीकडे ‘सँग’. ‘असणे’ हे क्रियापद मात्र तोंडात इतक्या वेळा येतं की त्याची जुनी, वेडीवाकडी रूपं सहज मोडत नाहीत. मराठीतही ‘आहे, होता, असेल, नव्हता’ यांचा एकमेकांशी मेळ कुठे आहे?

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. इंग्रजीतलं हे ‘वॉज’ आणि संस्कृतातला ‘वस्’ धातू, म्हणजे राहणे, एकाच मुळातून आले आहेत. आपल्या ‘वस्ती’तला ‘वस’ तो हाच. मग ‘वॉज’मध्ये ‘स’च्या घरचा आवाज आणि ‘वेअर’मध्ये ‘र’ हे कसं? याचा उलगडा 1870 च्या दशकात कार्ल व्हर्नर या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने केला. फार प्राचीन काळी काही रूपांत आघात धातूवर पडत असे आणि काही रूपांत शेवटच्या प्रत्ययावर. आघात धातूवर असेल तिथे ‘स’ टिकला. तो प्रत्ययावर गेला तिथे ‘स’ मऊ झाला आणि पुढे त्याचा ‘र’ झाला. अनेकवचनात आघात प्रत्ययावर होता. संकेतार्थाच्या या रूपातही तो प्रत्ययावरच होता, म्हणून दोघांच्या वाट्याला ‘र’ आला. हे आघात कुठे पडत ते व्हर्नरला कळलं वैदिक संस्कृतावरून, कारण तिथे स्वरांच्या खुणा जपल्या गेल्या आहेत. आणि इंग्रजीचं हे रूप मुळात ज्या प्रकारातून उतरलं, त्याचंच संस्कृतातलं भावंड म्हणजे आपला विधिलिङ्.

मुलांना यातलं सगळं लागत नाही. त्यांना लिहिताना ‘वॉज’ की ‘वेअर’ एवढंच ठरवायचं असतं. त्यासाठी मी वाक्य मराठीत म्हणून बघायला सांगते. मागे एका मुलीने पत्रलेखनात लिहिलं होतं, “इफ माय ब्रदर वॉज इन बेलगाम, ही वुड टेक मी टू द डॉक्टर.” तिला म्हटलं, तेच मराठीत म्हण. ती म्हणाली, “भाऊ बेळगावात असता तर मला डॉक्टरकडे नेलं असतं.” ‘असता’ आलं, म्हणजे भाऊ इथे नाही, म्हणजे ‘वेअर’. दुसऱ्या अर्ध्या वाक्यातलं ‘वुड’ही तेच सांगत होतं. मग मी तिला दुसरं वाक्य दिलं: “इफ माय ब्रदर वॉज इन बेलगाम यस्टरडे, ही प्रॉबब्ली मेट अवर अंकल.” याचं मराठी तिने केलं, “भाऊ काल बेळगावात असेल, तर बहुतेक मामांना भेटला असेल.” इथे ‘असेल’ आलं. भाऊ आला होता की नाही हे आपल्याला माहीत नाही, आला असण्याची शक्यता आहे. हा साधा भूतकाळ, इथे ‘वॉज’च हवं.

नियम नुकताच कळलेली मुलं पुढे उलट्या बाजूने घसरतात. ‘इफ’ दिसलं की ‘वेअर’ लिहायचं, असं धरून बसतात. “ही आस्क्ड मी इफ आय वेअर फ्रॉम निपाणी” असं वाक्य मला नेहमी सापडतं. मराठीत म्हणा: “मी निपाणीची आहे का, असं त्याने विचारलं.” इथे ‘तर’ नाहीच, ‘का’ आहे, म्हणून ‘वॉज’. तसंच “काल मी उद्धट बोलले असेन तर माफ करा”, इथेही ‘वॉज’.

मराठीची ही कसोटी एका जागी अपुरी पडते, तेही सांगायला हवं. ‘असता’ आपल्याला आजही चालतं आणि कालच्या गोष्टीलाही चालतं. “भाऊ आत्ता इथे असता तर”, “भाऊ काल इथे असता तर”. इंग्रजी मात्र इथे दोन वाटा करते. आजच्यासाठी ‘वेअर’, कालच्यासाठी ‘हॅड बीन’. म्हणून ‘असता’ आलं की लगेच वेळ कोणती ते विचारायचं.

मुळात भूतकाळाचं दिसणारं रूप आजच्या गोष्टीला कसं, असंही काहीजण विचारतात. आपणही उद्याबद्दल बोलताना “पाऊस आला तर शाळा सुटेल” म्हणतो, ‘आला’ हे तर भूतकाळी रूप. शेजारची कन्नड बोलणारी मुलं “मळे बंदरे” म्हणतात, त्यातलं ‘बंद’ हे भूतकाळाचंच अंग आहे. फरक एवढाच की आपल्या ‘आला तर’मध्ये पाऊस येण्याची शक्यता पुरेपूर असते, आणि इंग्रजी हे भूतकाळी रूप वापरते ते गोष्ट वस्तुस्थितीपासून लांब आहे हे दाखवायला. “इफ आय न्यू” म्हणजे मला आत्ता माहीत नाही.

आता ज्यांनी इंग्रजी सिनेमात “इफ आय वॉज” ऐकलं आहे त्यांच्यासाठी. तुम्ही बरोबर ऐकलंत. आजचे इंग्रजी भाषिक बोलताना सर्रास ‘इफ आय वॉज’, ‘इफ ही वॉज’ म्हणतात, आणि आजचे व्याकरणकारही ते बोलीत चुकीचं धरत नाहीत. परीक्षेत आणि अर्जात मात्र ‘वेअर’च लिहा, तिथे अजून तेच शिष्ट मानलं जातं. “इफ आय वेअर यू” हा तर ठरलेला वाक्प्रयोगच आहे, सल्ला देताना बहुतेकजण तो तसाच वापरतात. आणि ‘इफ’ गाळून क्रियापद पुढे आणलं, “वेअर ही हिअर, ही वुड हेल्प अस” असं म्हटलं, तर तिथे ‘वॉज’ला जागाच नाही. ‘वॉज ही हिअर’ म्हटलं की ऐकणारा उत्तर द्यायला लागेल: होता किंवा नव्हता.