आमची वाटचाल: नुसतं शीर्षक पाठवून मागितलेला अभिप्राय

आमची फर्म लहान कार्यालयांना प्रिंटर भाड्याने देते. मशीन आमचं, टोनर आमचा, दुरुस्ती आमची. गिऱ्हाईक कागद घालतं आणि छापलेल्या पानांप्रमाणे पैसे देतं. हे सुरू करण्याआधी मी सहा ओळखीच्यांना निरोप पाठवला होता: "लहान कार्यालयांसाठी प्रिंटर भाडेसेवा – व्यवसाय आराखडा. कृपया अभिप्राय कळवा." सोबत फाइल जोडली नव्हती, कारण कल्पना कोणी उचलेल अशी धास्ती होती. आणि खरं सांगायचं तर आराखडाही अर्धाच झाला होता.

पाच जणांची उत्तरं लगेच आली. एकाने "छान कल्पना" म्हणून अंगठा दाखवला. दुसऱ्याला वाटलं, आम्ही जुनी मशीनं हप्त्याने विकणार. तिसरा झेरॉक्सचं दुकान समजला आणि जागेचं भाडं परवडणार नाही म्हणाला. चौथ्याच्या मते समारंभांना आणि प्रदर्शनांना मशीन पुरवायचा धंदा हंगामी असतो. पाचवा म्हणाला, स्पर्धा फार आहे. पाचही जण प्रामाणिक होते, पण प्रत्येकाने आपापल्या डोक्यातल्या धंद्यावर मत दिलं होतं. मी मात्र ती मतं आमच्या धंद्याची समजून दोन रात्री जागेच्या भाड्याचा हिशोब करत बसलो. जागा आम्हाला लागणारच नव्हती!

सहावे होते एक निवृत्त बँक अधिकारी. आम्ही त्यांना काका म्हणतो. आयुष्यभर कर्जाच्या फायली तपासलेला माणूस. त्यांनी उलट विचारलं, "अरे, नाव वाचलं. आता कशावर बोलू? पानामागे खर्च किती, आणि पहिला पैसा कितव्या दिवशी येतो, एवढं लिहून पाठव. गिऱ्हाइकांची नावं आणि टोनर कुठून घेतोस ते झाकून ठेव, मला नको."

झाकायचं काय आणि दाखवायचं काय, हे मला तेव्हा कळलं. मी एक पान लिहिलं. 20 मशीनं, प्रत्येकी महिन्याला 2,000 पानं, म्हणजे 40,000 पानं. मिळकत 100 धरली तर टोनर 30, मशीनची झीज 25, दुरुस्ती आणि फेऱ्या 20, उरले 25. टोनरच्या खोक्यावर 2,600 पानं लिहिलेली, म्हणून महिन्याला 16 कार्ट्रिज.

काकांनी 2,600 भोवती गोल केला आणि बाजूला लिहिलं: "कोणाची पानं?" मी खोकं पुन्हा वाचलं. तो आकडा ISO/IEC 19752 या चाचणीतला होता, आणि त्या चाचणीतल्या पानावर साधारण 5 टक्केच भाग काळा होतो. म्हणजे साधं, विरळ पत्र. आमची होणारी गिऱ्हाइकं ठळक चौकटींची बिलं, लोगो आणि ओळखपत्रांच्या प्रती छापणार होती.

मग आम्ही तीन ओळखीच्या कार्यालयांत जाऊन त्यांच्या प्रिंटरवरून स्थितीपत्रक छापून घेतलं. बऱ्याच लेझर प्रिंटरमध्ये मेनूतून ते निघतं. चालू कार्ट्रिजवर किती पानं झाली आणि टोनर किती टक्के उरला, ते त्यावर असतं. (नव्या मशीनसोबत आलेलं कार्ट्रिज असेल तर ते धरू नका, त्यात बहुधा टोनर कमीच भरलेला असतो.) हिशोब केला तर एक कार्ट्रिज 1,300 पानांच्या आसपास संपत होतं. म्हणजे 16 ऐवजी महिन्याला 31, टोनरचा खर्च 30 वरून 60. बाकी खर्च तेवढाच. 100 मिळवायला 105 घालवायचे! जितकी मशीनं वाढवू तितका खड्डा मोठा.

दुसरा गोल "45 दिवस उधारी" वर होता. आम्ही महिनाअखेर बिल देणार, म्हणजे 1 तारखेला छापलेल्या पानाचे पैसे साधारण 75व्या दिवशी येणार. तोवर अडीच महिन्यांचा टोनर पदरच्या पैशांनी भरायचा, मशीनं वेगळीच. आराखड्यात खेळत्या भांडवलाची ओळच नव्हती.

आम्ही 20 ऐवजी 6 मशीनं घेतली, तीही जास्त क्षमतेच्या कार्ट्रिजची. दर ठरवण्याआधी गिऱ्हाइकाकडे दहा दिवस मशीन चालवून प्रत्यक्ष टोनर मोजायचा, असं ठरवलं. एक महिन्याचं भाडं आगाऊ घेऊ लागलो. त्या अटीवर दोन गिऱ्हाइकं गेली. जाऊ दिली.

सुधारलेला आराखडा, आता चार पानांचा, काकांना परत पाठवला. या वेळी निरोपात "अभिप्राय कळवा" नव्हतं, नेमका प्रश्न होता: तिसऱ्या पानावरचा दुरुस्तीचा खर्च पटतो का? दुसऱ्या दिवशी पान परत आलं. दुरुस्तीच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलेलं: "ड्रम कितव्या पानाला बदलतोस? इथे दिसत नाही."

नव्हताच लिहिला.