तिरक्या चिलखताचे गणित: पुठ्ठ्याच्या रणगाड्यावरून शिकलेले

माझ्या पुतणीच्या शाळेतील विज्ञान प्रदर्शनासाठी रणगाड्याच्या तिरक्या चिलखताची प्रतिकृती करून देण्याचे मी कबूल केले, तेव्हा दोन संध्याकाळी पुरतील असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात दोन आठवडे गेले. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून तीन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा आणला, आणि नमुना म्हणून दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत टी-३४ निवडला, कारण त्याच्या पुढच्या वरच्या पत्र्याची जाडी केवळ ४५ मिलिमीटर असली तरी तो बराच मागे झुकलेला होता.

पहिली चूक कोनाचीच झाली. एका ठिकाणी तो कोन ६० अंश असा वाचला, तर दुसऱ्या ठिकाणी ३०, आणि मी ३० घेऊन मोकळा झालो. गोळा सरळ आडवा येतो असे धरले, तर त्याला पत्र्यातून जो मार्ग कापावा लागतो त्याची लांबी t/cosθ या सूत्राने मिळते; t म्हणजे पत्र्याची जाडी आणि θ म्हणजे झुकावाचा कोन. माझे उत्तर आले ५२ मिलिमीटर. त्या झुकावाच्या मानाने हे फारच कमी वाटले, म्हणून प्रतिकृतीवर गवंड्याचा ओळंबा सोडून कोनमापकाने मोजले, आणि मग लक्षात आले की ३० अंश हा जमिनीपासूनचा कोन आहे, तर सूत्राला उभ्या रेषेपासूनचा, म्हणजे ६० अंशांचा कोन लागतो. cos 60° म्हणजे अर्धा, म्हणून ४५ चे ९० मिलिमीटर झाले. कोन कशापासून मोजला आहे हे सांगितलेले नसेल, तर तो आकडा मी आता वापरतच नाही.

तक्ता रंगवून झाल्यावर पुतणीने विचारले, “काका, जाडी दुप्पट झाली, मग वजन किती वाचलं?” मी पुष्कळ वाचले असे सांगून बसलो होतो, तेव्हा ते पडताळून पाहणे भाग होते. दहा सेंटिमीटर उंचीची जागा झाकायची, तर ६० अंश झुकलेली पट्टी वीस सेंटिमीटर लांब लागते; उभी पट्टी दहा सेंटिमीटरच लागते, पण तेवढाच मार्ग अडवण्यासाठी दोन थरांची करावी लागते. दोन्हींची रुंदी सारखी ठेवून स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलले, तर वजन सारखेच भरले. म्हणजे नुसत्या भूमितीने पोलादाची काहीच बचत होत नाही, आणि माझ्या तक्त्यावरचे मोठ्या अक्षरांतले वाक्य चुकीचे होते. ते मी खोडले.

मग तिरकेपणाचा फायदा कुठे आहे? तो गोळा पत्र्याला भिडतो त्या क्षणात आहे. टोकदार गोळा तिरक्या पत्र्यावर आदळला की त्याच्या टोकाच्या एकाच बाजूवर जोर येतो. त्यामुळे टोक पत्र्यापासून दूर वळते, गोळा घसरून निघून जातो किंवा ताण न सोसून फुटतो. म्हणजे ९० हा आकडा केवळ मार्गाची लांबी सांगतो, प्रत्यक्ष संरक्षण पुष्कळदा त्याहून जास्त मिळते. १९४१ मध्ये जर्मनांच्या ३७ मिलिमीटर तोफा या पत्र्यापुढे निष्प्रभ ठरल्या, त्यामागे हे मोठे कारण होते.

पण गोळ्याला वळवायला पत्रा त्या गोळ्याच्या मानाने पुरेसा जाड लागतो. जर्मनांच्या टायगर रणगाड्याच्या तोफेच्या गोळ्याचा व्यास ८८ मिलिमीटर, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट. असा गोळा आदळला की पातळ पत्रा त्याला वळवण्याआधी स्वतःच कोसळतो. गोळ्याच्या टोकावर चढवलेली टोपीही त्याला पत्र्यात रुतायला मदत करते. म्हणून तक्त्यावर जाडीच्या रकान्याशेजारी गोळ्याच्या व्यासाचाही रकाना आखला.

शेवटची अडचण प्रतिकृती मांडताना समजली. मागच्या बाजूखाली दोन पुस्तके सरकवून मी रणगाडा उतारावर उभा आहे असे दाखवले, आणि ओळंबा धरला तर पुढचा पत्रा ६० ऐवजी ५० अंशांवर आलेला होता. तेव्हा गणित बदलले: 45/cos 50° म्हणजे ७० मिलिमीटर, अवघ्या दहा अंशांत वीस मिलिमीटरची घट. गोळा दुरून वरून खाली येत असेल, तर तेवढ्याच अंशांनी हेच घडते. रणगाड्याचे नाक वर असेल तर उलट ७० अंश होतात आणि आकडा १३० च्या पुढे जातो. प्रदर्शनात पुतणीने ती पुस्तके प्रतिकृतीखालीच ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती काढून, पुन्हा सरकवून ओळंब्याची दोरी दाखवली.