वणीला गेलो, आईचं मनगट मोडलं, आणि क्लेमची खरी यात्रा

मागच्या महिन्यात आईला घेऊन नाशिकहून वणीला गेलो होतो. गडावर ट्रॉली आहे तरी आई म्हणे पायऱ्यांनीच जायचं, आणि उतरताना पाय घसरला, उजवा हात टेकला, मनगट टरारून सुजलं.

गाडीत बसल्या बसल्या विमा कंपनीचं ॲप उघडलं तर रेंजच नाही, ई-कार्ड गोल गोल फिरतंय. म्हणून सांगतो, घरून निघतानाच कार्डाचं पीडीएफ फोनमधे सेव्ह करून ठेवा, आणि घरातल्या प्रत्येकाचं वेगळं, कारण मेंबर आयडी वेगळा असतो. तसं आमच्या बाबतीत कार्डाचा काउंटरवर उपयोग झालाच नाही म्हणा, नाशिकमधे जे हॉस्पिटल जवळ पडलं ते नेटवर्कमधे नव्हतं, म्हणजे पैसे आधी आपण भरा, मग मागा. तरी त्याच संध्याकाळी ॲपवरून इंटिमेशन, म्हणजे ॲडमिट झाल्याची कंपनीला खबर, टाकलं ते बरं केलं, उशीर झाला की का झाला ते समजावत बसावं लागतं.

इथे माझा घोळ झाला. इंटिमेशनचा जो नंबर मेसेजमधे आला तोच मी ट्रॅकिंगमधे टाकत राहिलो आणि रोज "रेकॉर्ड नाही". कागद अपलोड केल्यावर क्लेम नंबर वेगळा येतो, तो ईमेलमधे पडून होता!

मनगटात प्लेट बसवली, दोन दिवसांनी डिस्चार्ज. घरी येऊन डिस्चार्ज कार्ड, फायनल बिल, पैसे भरल्याची पावती, औषधांची बिलं चिठ्ठ्यांसकट, एक्स-रे रिपोर्ट, कॅन्सल चेक असं सगळं स्कॅन करून टाकलं. क्लेम फॉर्मचा दुसरा भाग हॉस्पिटलने भरून सही-शिक्का मारून द्यायचा असतो, तो मात्र निघायच्या आधीच घ्या, नंतर तिथला माणूस "उद्या या" म्हणतो.

आठव्या दिवशी स्टेटस "क्वेरी". दोन गोष्टी हव्या होत्या. एक, प्लेटचं बिल आणि तिच्या पाकिटावरचा स्टिकर, ज्यावर बॅच नंबर असतो, बिलात नुसतं "इम्प्लांट" लिहिलं होतं ते त्यांना चाललं नाही. दुसरं, अपघात असल्याने एमएलसीची, म्हणजे हॉस्पिटल पोलिसांसाठी करतं त्या नोंदीची कॉपी, आणि ती केली नसेल तर तसं हॉस्पिटलचं पत्र, सोबत कुठे कसं पडलो ते आपल्या सहीने. मी परत हॉस्पिटलला चक्कर मारली, स्टिकर फाईलमधे चिकटवलेला सापडला, नशीब!

उत्तर त्याच क्लेम नंबरखाली, क्वेरीच्या बटणातूनच टाका, नवीन क्लेम उघडलात तर दोन नंबर होऊन गोंधळ होतो. नंतर नऊ दिवसांनी पैसे आले, ७८,४०० पैकी ७३,९००, हातमोजे, रजिस्ट्रेशन फी असलं काय काय कापून. आई म्हणते पुढच्या वेळी पण पायऱ्यांनीच.